बुधवारची लाल ओळ

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबर २०२५ च्या बुधवारी, माझ्या स्क्रिप्टने काकांच्या फोनवर लाल ओळ पाठवली. निफ्टीचा पुट-कॉल रेशो एका दिवसात जोरात घसरला, बाजाराचा मूड बिघडला, असा तिचा अर्थ. दहा मिनिटांत काकांचा फोन आला. "अगं, निफ्टी तर शंभरेक अंशांनी वर बंद झालाय. मग बिघडलं कुणाचं?"

काका नाशिकला राहतात. सबब्रोकर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं, आता फक्त स्वतःच्या खात्यापुरतं बघतात. दिवसभर स्क्रीनसमोर बसणं डोळ्यांना झेपत नाही म्हणून मी त्यांना ही स्क्रिप्ट लिहून दिली. रोज संध्याकाळी एनएसईची भावकॉपी आली की ती फाइल उतरवून घेते, आठ-दहा गोष्टी तपासते आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तरच संदेश धाडते. त्या आठ-दहांमधली एक गोष्ट म्हणजे पुट-कॉल रेशो. सगळ्या पुट ऑप्शनांचा ओपन इंटरेस्ट, म्हणजे दिवसअखेर उभे राहिलेले सौदे, भागिले सगळ्या कॉल ऑप्शनांचा ओपन इंटरेस्ट. उत्तर एकाच्या वर आलं तर पुट जास्त, खाली आलं तर कॉल जास्त. इतका सोपा भागाकार की त्यात चूक कुठे होईल, असंच कुणालाही वाटावं.

त्या रात्री मी दोन्ही दिवसांच्या फाइली शेजारी शेजारी उघडल्या. भागाकार बरोबर होता. चूक होती भागाकाराला दिलेल्या गठ्ठ्यात.

आकडे गोल करून सांगते, म्हणजे डोळ्यांसमोर राहतील. समजा मंगळवारी संध्याकाळी तीन मालिका चालू आहेत. त्या दिवशी संपणाऱ्या साप्ताहिक मालिकेत पुटचे १८ लाख आणि कॉलचे १५ लाख सौदे उभे आहेत. पुढच्या आठवड्याच्या मालिकेत पुटचे ४ लाख, कॉलचे ५ लाख. महिनाअखेरीच्या मालिकेत दोन्हीकडे सहा-सहा लाख. सगळं मिळून पुट २८, कॉल २६, रेशो १.०८. बुधवारी फाइल उघडली तर पहिली मालिका संपून गेलेली. उरले पुट १० आणि कॉल ११ लाख, रेशो ०.९१. आणि फक्त जवळच्या मालिकेचा रेशो काढत असाल तर तो १.२० वरून थेट ०.८० वर आला. बुधवारी एकाही माणसाने एकही नवा सौदा केला नसता तरी हे आकडे असेच पडले असते. कुणाचं मत बदललं नव्हतं, फक्त सगळ्यांत मोठा गठ्ठा फाइलमधून निघून गेला होता.

हा खड्डा मला आधी माहीत नव्हता असं नाही. पहिल्या महिन्यातच तो दिसला होता. पण तेव्हा मी त्यावर सोपा उपाय केला. निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारी असते, तर शुक्रवारी तुलना करू नकोस, एवढं स्क्रिप्टला सांगून टाकलं. ते पुष्कळ दिवस चाललं. गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा २८ ऑगस्ट हा गुरुवारच्या एक्स्पायरीचा शेवटचा दिवस ठरला. १ सप्टेंबरपासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारवर गेली आणि पहिली मंगळवारची एक्स्पायरी नेमकी गौरी विसर्जनाच्या दिवशी, २ तारखेला आली. माझी स्क्रिप्ट मात्र शुक्रवारचीच वाट पाहत बसली होती. बदलाची बातमी मी वाचली होती, काकांनाही सांगितली होती. स्क्रिप्टला सांगायची राहिली.

दुरुस्ती करताना वार काढून मंगळवार घालणं ही एका मिनिटाची गोष्ट होती. ती मी केली नाही, कारण वार हा मुळात चुकीचा आधार होता. एक्स्पायरीची तारीख फाइलच्या प्रत्येक ओळीत लिहिलेली असते. ती वाचायची सोडून मी कॅलेंडरवरून अंदाज बांधत होते. आता मोजणी अशी आहे:

```python
o = df[(df.FinInstrmTp == "IDO") & (df.TckrSymb == "NIFTY")]
oi = o.groupby(["XpryDt", "OptnTp"])["OpnIntrst"].sum().unstack()
oi["pcr"] = oi["PE"] / oi["CE"]
```

`IDO` म्हणजे निर्देशांकावरचे ऑप्शन, `PE` पुट, `CE` कॉल. खरा फरक पडतो तो `XpryDt` मुळे. आधी मी सगळ्या मालिकांची बेरीज करून मग भागत होते, आता प्रत्येक मालिकेचा रेशो वेगळा निघतो आणि त्याची तुलना फक्त त्याच मालिकेच्या कालच्या रेशोशी होते. वरच्याच उदाहरणात पाहा. पुढच्या आठवड्याची मालिका मंगळवारी ०.८० होती, बुधवारीही ०.८०. लाल ओळीचं कारणच उरत नाही. आणि ज्या दिवशी फाइलमधली सर्वांत जवळची `XpryDt` त्याच दिवसाची असते, त्या दिवशी संपणाऱ्या मालिकेचा रकाना मी रिकामा सोडते.

यावरही एक पायरी आहे. एक्स्पायरीला सहा दिवस असतानाचा रेशो आणि एक दिवस असतानाचा रेशो हे दोन वेगळ्या वयाचे आकडे आहेत. मालिका कोवळी असते तेव्हा सौदे थोडे असतात आणि एखाद-दोन मोठ्या व्यवहारांनीही रेशो हलतो. म्हणून आजचा आकडा मी मागच्या आठवड्यांतल्या तेवढेच दिवस शिल्लक असतानाच्या आकड्यांपुढे ठेवते आणि त्यांच्या मधल्या आकड्यापासून तो किती दूर आहे ते पाहते. यासाठी इतिहास लागतो, आणि मी तो सप्टेंबर २०२५ पासूनचाच धरते. त्याआधी आठवड्याची मांडणीच वेगळी होती. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने एका एक्सचेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मालिका ठेवायला सांगितली आणि सौद्यांचा आकार वाढवला, तेव्हा बँक निफ्टीची साप्ताहिक मालिका बंद झाली. त्या गर्दीतला काही भाग निफ्टीकडे वळला असणार. दहा वर्षांची सरासरी काढून तिच्यावर रेघ मारणं दिसायला भक्कम दिसतं, पण त्या रेघेखाली तीन-चार वेगवेगळे बाजार असतात.

मोजणी सुधारली, तरी माझा आणि काकांचा खरा वाद पुढेच होता. रेशो वर गेला तर तो हिरवा दाखवायचा की लाल?

मी हे शिकले ते अमेरिकन पुस्तकांतून. तिथे रेशो बहुधा दिवसभराच्या उलाढालीवरून काढतात आणि पुट म्हणजे घाबरलेल्या माणसाने विकत घेतलेला विमा, असं धरतात. सगळेच घाबरले की विकणारे संपत आलेले असतात, म्हणून फार वर गेलेला रेशो हा खरेदीचा इशारा. काकांचं वाचन अगदी उलट्या टोकावरून सुरू होतं. "पुट घेणारा चिल्लर असतो गं. लिहिणारा पैसेवाला. त्याला मार्जिन भरावं लागतं. एवढे पुट लिहिलेत म्हणजे त्याला बाजार खाली जाईल असं वाटत नाही." म्हणजे त्यांच्या लेखी चढता रेशो हा धीराचा. मला त्यात भीती दिसते, त्यांना आत्मविश्वास, आणि तरी निष्कर्ष दोघांचाही तेजीचाच. त्यामुळे आमचा मतभेद किती तरी दिवस लक्षातच आला नाही. रेशो दीडच्या आसपास गेला तेव्हा तो उघडा पडला. मी म्हटलं भीती टोकाला पोचली, आता घ्यायला हवं. काका म्हणाले, लिहिणारे फार निर्धास्त झालेत, आता सांभाळून.

दोघांनाही ओपन इंटरेस्टकडून जे हवं होतं ते त्याच्यात नसतं. उभ्या असलेल्या प्रत्येक पुटला एक घेणारा असतो आणि एक लिहिणारा. फाइल सांगते ती फक्त जोड्यांची संख्या. घाई कुणाला होती, हे त्या संख्येत नाही. त्याचा थोडाफार माग किमतीत लागतो. निफ्टी जागच्या जागी आहे, पुटचे सौदे वाढलेत आणि पुट महागलेत, तर घेणारे मागे लागले होते. सौदे वाढलेत आणि पुट स्वस्त झालेत, तर विकणारे पुढे सरसावले होते. फक्त प्रीमियम पाहून हे ठरत नाही, कारण दिवस सरला की प्रीमियम आपोआप झिजतो. काल ८० चा पुट आज ७० झाला, तर त्यातले किती रुपये काळाने खाल्ले आणि किती विकणाऱ्याने पाडले? म्हणून प्रीमियमऐवजी इम्प्लाइड व्होलॅटिलिटी पाहायची. भावकॉपीत ती नसते, एक्सचेंजच्या ऑप्शन चेनच्या पानावर असते किंवा सेटलमेंटच्या भावावरून काढता येते. मी ती निफ्टीच्या जवळच्या चार-पाच स्ट्राइकपुरतीच काढते.

आता रेशोच्या ओळीला रंगच नाही. तिच्याशेजारी एक शब्द येतो: "घेणारे", "लिहिणारे" किंवा "अस्पष्ट". तिसरा शब्द पुष्कळदा येतो, आणि तो आला की मी तो तसाच जाऊ देते. निफ्टी त्या दिवशी जोरात हलला असेल तर तो येणारच. बाजार पडला की व्होलॅटिलिटी बहुधा आपसूक चढते, वरच्या स्ट्राइकचे पुट लोक नफा घेऊन मिटवतात, खाली नवे कॉल लिहिले जातात आणि रेशो उतरतो. अशा दिवशी रेशो बाजाराच्या मागून चाललेला असतो. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. त्या संध्याकाळी रेशो काहीही दाखवो, पडझडीची बातमी त्याच्यासाठी थांबलेली नव्हती.

काकांनी सुचवलेली एक गोष्ट मात्र मी मुकाट्याने घेतली. ते म्हणाले, "लांबचे स्ट्राइक काढून टाक. ते मताचे सौदे नाहीत." खरं आहे. ऑप्शन लिहिणारा बऱ्याचदा त्याच वेळी खूप लांबचा, चार-पाच रुपयांचा ऑप्शन विकत घेतो, कारण तोटा बांधला गेला की मार्जिन कमी लागतं. बाजार तिथवर जाईल असं त्याला मुळीच वाटत नसतं. पण बेरजेत तो सौदा अगदी जवळच्या सौद्याइतकाच मोजला जातो. आता मी निफ्टीच्या दोन्ही बाजूंना चार-चार टक्क्यांपर्यंतचेच स्ट्राइक घेते. चारच का, याला माझ्याकडे मोठं शास्त्र नाही. तीन आणि पाच टक्के घालूनही पाहते. तिन्हींत ओळ एकाच बाजूला झुकली तरच संदेश जातो.

दिवाळीत पुन्हा फोन आला. २० ऑक्टोबर, सोमवार. काकूंच्या चकल्यांचं सांगून झाल्यावर काका म्हणाले, "आज पहिला रकाना रिकामा आलाय तुझा. एक्स्पायरी तर मंगळवारी ना?"

"उद्या लक्ष्मीपूजन आहे, काका. उद्या फक्त मुहूर्ताचे सौदे. एक्स्पायरी आजच झाली."

"हे तू तिला सांगितलंस?"

"नाही. फाइलमध्येच लिहिलं होतं."