बिलाचा फोटो म्हणजे हिशेब नव्हे

वर्गणी आपल्याला नवी नाही. भीमजयंतीची पावती फाडतच आपण मोठे झालो. 'मूकनायक'सुद्धा शाहू महाराजांच्या अडीच हजारांच्या मदतीवर उभं राहिलं होतं. तरीही मागच्या वर्षी आमच्या चॅनलसाठी कॅमेरा घ्यायला प्रेक्षकांकडे पैसे मागायचं ठरलं, तेव्हा आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला तो हिशेबावरूनच. लोक पैसे देतात. पुढे त्यांना एका बिलाचा फोटो दिसतो आणि विषय संपतो. पण बिल फक्त गेलेला पैसा सांगतं. आला किती, हे कोण सांगणार?

आधी गरज काय होती ते सांगतो. मोबाइलवर सभा शूट केली की मागच्या रांगेतून वक्त्याचा चेहरा पुसट यायचा आणि आवाजाऐवजी हॉलचा घुमारा ऐकू यायचा. म्हणून कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडायची जागा हवी होती. दुसरी अट रेकॉर्डिंगच्या मर्यादेची. बरेच जुने कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप थांबतात. आपल्याकडे प्रास्ताविकालाच तेवढा वेळ जातो! त्यामुळे दुकानात बसून सलग पाऊण तास रेकॉर्ड करून, कॅमेरा तापून बंद पडत नाही ना, हे पाहायचं ठरलं.

पैसे मागण्याआधी यादी जाहीर केली. लेन्ससह जुना कॅमेरा 32,000, जादा बॅटरी 1,600, दोन मेमरी कार्डं 1,800, कॉलरचा माइक 1,500, ट्रायपॉड 2,600. एकूण 39,500. भाव हलले तर म्हणून अडीच हजार वर धरून 42,000 मागितले. त्याहून जास्त मागायचे नाहीत, यालाही कारण होतं. नातेवाईक नसलेल्यांकडून एका व्यक्तीला वर्षभरात मिळालेल्या भेटी 50,000 च्या वर गेल्या, तर सगळीच रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. खातं एका सहकाऱ्याच्या नावावर होतं. आमची नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळे करसवलतीची पावती मिळणार नाही, हेही स्पष्ट लिहिलं.

मग बक्षिसांचा प्रश्न. टी-शर्ट द्यावा, असं काहींचं म्हणणं होतं. 200 रुपये देणाऱ्याला टी-शर्ट आणि कुरिअर धाडलं तर कॅमेऱ्यासाठी उरतं काय? शेवटी आमच्या हातात असलेलंच देऊ केलं. ज्यांची संमती असेल त्यांचं नाव व्हिडिओच्या शेवटी, आणि ज्या गावातून मदत आली तिथल्या एका कार्यक्रमाचं शूटिंग मोफत. गावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावला. महिन्याला एकच कार्यक्रम होईल, हेही आधीच सांगितलं. सरकारी नोकरीतल्या अनेकांनी नाव नको म्हणून कळवलं. त्यांची अडचण आपल्याला समजावून सांगायला नको.

एका स्थानिक पुढाऱ्याने सगळी रक्कम एकट्याने द्यायची तयारी दाखवली. अट एवढीच, की जयंतीच्या मिरवणुकीत कॅमेरा त्याच्या रथापुढे चालावा. आम्ही तोपर्यंत एका माणसाकडून जास्तीत जास्त 1,000 रुपये असा नियम केला होता. त्या नियमामुळे नाही म्हणणं सोपं गेलं.

163 जणांकडून 41,300 रुपये आले. हे खातं फक्त याच कामासाठी उघडलं होतं. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो. आम्ही तारीख, रक्कम आणि त्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एवढीच यादी लावली. नाव उघड न होता प्रत्येकाला आपली ओळ सापडते. यादीखालची बेरीज बँकेच्या उताऱ्यातल्या जमेशी जुळली पाहिजे. एखाद्याची ओळ गायब असेल तर तो लगेच विचारू शकतो. एकाने विचारलंही. त्याच्या खात्यातून गेलेले 300 रुपये बँकेकडे अडकले होते आणि तीन दिवसांनी त्यालाच परत मिळाले.

खर्चाची बाजू अशी: कॅमेरा घासाघीस करून 30,500 ला मिळाला. बॅटरी, कार्डं आणि ट्रायपॉड ठरल्या भावात मिळाले. माइक मात्र 2,100 ला पडला, कारण स्वस्तातल्या माइकची पिन फक्त मोबाइलला चालते. फरक जिथे पडला तिथे कारण लिहिलं. बिलावरचा अनुक्रमांक आणि कॅमेऱ्याच्या तळावरचा क्रमांक एकाच फोटोत दाखवला, नाहीतर बिल एकाचं आणि वस्तू दुसरीच असू शकते. एकूण खर्च 38,600, शिल्लक 2,700. ती दुरुस्तीसाठी ठेवायची की परत करायची, हे देणाऱ्यांनाच विचारलं. बहुतेकांनी दुरुस्ती म्हटलं, दोघांनी परत मागितले, त्यांना त्यांचा वाटा दिला.

एक मुद्दा अजून राहतो. उद्या आमचा गट फुटला तर कॅमेरा कुणाचा? तो खातेदाराचा नाही. तसं झालं तर तो वस्तीतल्या वाचनालयाकडे जाईल, असं लिहून त्यावर पाच जणांच्या सह्या घेतल्या आहेत. तो कागदही हिशेबासोबत लावला आहे. पुढच्या वेळी कुणीही कॅमेऱ्यासाठी पैसे मागितले, आमच्यासकट, तर बिल नंतर बघा. आधी जमेची बेरीज मागा.