भरलेला वॉर्ड आणि एक गुणाकार

शिवडीच्या पालिकेच्या क्षयरोग रुग्णालयात वॉर्ड भरले की परळ-लालबागात म्हणतात, ‘टीबी वाढलाय.’ पण साथरोगशास्त्रातलं एका ओळीचं समीकरण नुकतंच माझ्या हाती लागलंय आणि मी भेटेल त्याला सांगत सुटलोय : नुसत्या भरलेल्या वॉर्डावरून ते कळतच नाही!

ठरावीक काळात नव्याने आजारी पडले ते इन्सिडन्स. या घडीला आजारी आहेत ते सगळे, नवे-जुने मिळून, प्रिव्हलन्स. आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे आजार सरासरी किती काळ टिकतो :

प्रिव्हलन्स = इन्सिडन्स × सरासरी काळ

समजा, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे दरमहा 10 नवे रुग्ण नोंदले जातात आणि उपचार 20 महिने चालतात. मग कधीही मोजा, उपचारावर 200 जण सापडतील. केंद्र सरकारने 2024 मध्ये बीपाल्म ही सहा महिन्यांची उपचारपद्धती मंजूर केली. सगळ्यांना ती लागू पडली, तर तेच 200 हळूहळू 60 वर येतील. नवा रुग्ण एकही कमी झालेला नाही, दरमहा 10 येतातच आहेत, तरी नोंदवही रिकामी होत चाललीय! (हे एका रात्रीत घडत नाही. येणारे आणि बरे होणारे यांचा मेळ बसला, की मगच हा गुणाकार जुळतो.)

आता उलटा भागाकार करून पाहा, मी तर इथेच थक्क झालो. 2021 साली भारतात टीबीचा प्रिव्हलन्स लाखामागे 312 होता, असं राष्ट्रीय सर्वेक्षण सांगतं. त्याच वर्षीचा इन्सिडन्स जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने लाखामागे 210. भागलं की येतं जवळपास दीड वर्ष! दोन्ही आकडे अंदाजाचे, त्यामुळे हिशेब ढोबळच. पण साध्या टीबीचा उपचार तर सहा महिन्यांचा, मग हे दीड वर्ष आलं कुठून? निदानाआधीच्या खोकल्यातून. त्या सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक डॉक्टरकडे गेलेलेच नव्हते. दवाखान्याच्या कुठल्याही नोंदवहीत नसलेले ते महिने एका भागाकारात दिसतात, आणि त्याच महिन्यांत ती माणसं चाळीत, लोकलमध्ये इतरांना जंतू देत असतात. म्हणजे निदान लवकर झालं तर आधी काळ घटेल, आणि मागोमाग इन्सिडन्सही!

पण हा काळ दोन वाटांनी संपतो : माणूस बरा होतो, किंवा दगावतो. समीकरणाला दोन्ही सारखेच. उपचाराविना माणसं लवकर गेली, तरी प्रिव्हलन्स उतरतो. म्हणून तो उतरल्याचं ऐकलं की मी आता आधी मृत्यूंचा आकडा विचारतो.