रिकामी परडी

बालवाडीत शिकवू लागून मला तीन-चार वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मुलांना एक ते दहा अंक येऊ लागले होते आणि आता शून्याची पाळी होती. काम सोपे आहे असे मला वाटले. बांबूची एक रिकामी परडी मी मुलांसमोर ठेवली आणि विचारले, "सांगा बरं, किती?" पुढे बसलेली एक चार वर्षांची मुलगी उत्साहाने उठली आणि म्हणाली, "एक!"

"चूक. नीट बघ."

तिने परडीकडे पुन्हा पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "एकच आहे, बाई." बाकीची मुले हसली. मी फळ्यावर वाटोळे शून्य काढले आणि सर्वांकडून 'शून्य, शून्य' असे दहा वेळा म्हणवून घेतले. धडा झाला, असे मी समजले. मात्र त्यानंतर आठवडाभर ती मुलगी 'किती' या शब्दाने सुरू होणाऱ्या एकाही प्रश्नाला उत्तर देईना. मणी मोजायला दिले, तरी ती ओंजळीत धरून गप्प बसे.

एके संध्याकाळी कपाट आवरताना तीच परडी हाती आली आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. परडी खरोखरच एक होती! मुलीने दिसेल ते मोजले होते. चुकला होता तो माझा प्रश्न. 'किती' असे मी विचारले होते. 'काय किती' हे सांगितलेच नव्हते. रिकामी वस्तू म्हणजे शून्य नव्हे. परडीत चिकू किती, या प्रश्नाचे उत्तर शून्य असते.

मूल मोजते ते बोट ठेवून. एका वस्तूवर बोट, तोंडाने एक शब्द. दुसऱ्या वस्तूवर बोट, दुसरा शब्द. शून्य मोजताना बोट ठेवायला जागाच नसते. म्हणून एक, दोन, तीन असे चढत जाऊन मूल शून्यापाशी पोहोचत नाही. त्याला तेथे उतरत न्यावे लागते. आधी काहीतरी असावे लागते आणि ते डोळ्यांदेखत एकेक करून कमी व्हावे लागते.

मग मी एक साधी गोष्ट रचली. आजी बाजारातून पाच चिकू घेऊन निघाली. वाटेत शेजारची मुलगी भेटली. आजीने तिला एक चिकू दिला. पुढे टपालवाले काका भेटले; त्यांनाही एक दिला. गोष्ट सांगताना परडी माझ्या हातात असे आणि वर्गातीलच एकेक मूल पुढे येऊन चिकू घेई. प्रत्येक वेळी मी थांबून विचारी, "आता आजीच्या परडीत चिकू किती?" मुले सांगत, चार, तीन, दोन, एक. शेवटचा चिकूही गेला. आजी घरी पोहोचली आणि नातवाने विचारले, "आजी, परडीत चिकू किती?" येथे मी गप्प राही. काही मुले म्हणत, "नाहीत." काही म्हणत, "संपले." दोन्ही उत्तरे खरीच होती, म्हणून मी ती खोडून काढत नसे. एवढेच म्हणे, "हो, संपले. जेव्हा एकही उरत नाही, तेव्हा 'किती' याचं उत्तर असतं शून्य. परडीत शून्य चिकू." अंकाचे कार्ड मी परडीत ठेवी ते त्यानंतरच. आधी अनुभव, मग शब्द आणि सर्वांत शेवटी चिन्ह, हा क्रम मी पुढे कधी बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी ताटल्या. तीन ताटल्या मांडून एकीत मातीचे दोन लाडू, दुसरीत एक आणि तिसरी रिकामी. "सर्वांत कमी लाडू कोणत्या ताटलीत?" असे विचारले की बरीच मुले एका लाडवाच्या ताटलीवर बोट ठेवत. शून्य हा शब्द त्यांना येत असे, पण शून्य एकापेक्षाही लहान आहे, हे त्यांच्या मनात अजून बसलेले नसे. त्यांच्या लेखी रिकामी ताटली या खेळात नव्हतीच. अशा वेळी समजावून सांगण्यापेक्षा त्या एका ताटलीतील लाडू उचलून घ्यावा आणि विचारावे, "आता वाढले की कमी झाले?" मूल स्वतःच हसते आणि बोट बदलते.

तिसऱ्या दिवशी मी एक छोटी फसवणूक करी. परडीत चार चिंचोके टाकून विचारी, "यात चिकू किती?" परडी रिकामी नसतानाही चिकू शून्य असू शकतात, हे ज्या मुलाने ओळखले, त्याला शून्य बऱ्याच अंशी कळले असे मी मानू लागले.

तरीही खात्री करून घेण्यासाठी मी मारिया माँटेसरी यांचा एक खेळ वापरी. "माझ्याकडे शून्य वेळा ये," असे त्या मुलांना सांगत. मी म्हणे, "मला तीन चिंचोके आणून दे." मूल आणून देई. "आता शून्य चिंचोके आणून दे." नुसता शब्द पाठ झालेले मूल धावत जाऊन एक चिंचोका घेऊन येते; समजलेले मूल जागचे हलत नाही, गालातल्या गालात हसत उभे राहते. धावून येणाऱ्या मुलाला मी चूक म्हणत नाही. त्याच्यासाठी आजी पुन्हा बाजारात जाते.

मुलांची ही अडखळण पाहताना मला महावीराचार्यांची आठवण होते. 'गणितसारसंग्रह' लिहिणारे नवव्या शतकातील हे थोर जैन गणिती. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले की शून्य येते, हे त्यांनी अचूक सांगितले. मात्र शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, असेही लिहिले. आजचे गणित ते मान्य करीत नाही. जिथे एवढ्या मोठ्या गणितज्ञाचेही पाऊल घसरले, तिथे चार वर्षांच्या मुलीला "चूक" म्हणायला मी किती घाई केली होती!

त्या मुलीचे काय झाले? पहिल्यांदा आजीची गोष्ट सांगितली, तेव्हा शेवटचा चिकू मी तिलाच घ्यायला लावला. तो हातात धरून ती बराच वेळ परडीत पाहत राहिली. बोलली काहीच नाही. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि मला हाक मारली, "बाई, माझ्या डब्यात दोन पोळ्या आहेत आणि शून्य लाडू!" डबा रिकामा नव्हता. काय नाही, हे तिने न विचारता नाव घेऊन सांगितले होते. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी परडी एकच होती गं. तुझं बरोबर होतं." तिने मान डोलावली, जणू हे तिला ठाऊकच होते.

घरी हे करून पाहायचे असेल, तर वेगळे साहित्य लागत नाही. जेवताना शेवटचा घास संपला की "ताटात भात किती?" एवढे विचारावे. वस्तूचे नाव मात्र गाळू नये. घरातील आजी शून्याला जुन्या पद्धतीने 'पूज्य' म्हणत असतील, तर तेही म्हणू द्यावे. दोन्ही नावे एकाच अंकाची आहेत, एवढे मुलाला सांगितले की पुरे. आणि मूल "एक" म्हणाले, तर आधी आपला प्रश्न तपासून पाहावा.