वाटीखालची पाच नाणी

यंत्रमागाच्या भिवंडीत बटणांचा डबा नसलेलं घर शोधावंच लागेल. जुन्या सदऱ्यांची चार भोकांची पांढरी बटणं, फ्रॉकची रंगीत, एखाद्या शेरवानीचं जड सोनेरी बटण, सगळं त्यात पडलेलं असतं. सहा वर्षांच्या मुलीला असा डबा दिला की ती तो आधी फरशीवर पालथा करते आणि मोजायच्या ऐवजी निवडत बसते. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. तिला तसं बसू द्यावं. मग एक पांढरं, एक काळं अशा जोड्या लावायला सांगितलं, की कुठली बटणं जास्त हे तिला एकही आकडा न म्हणता कळतं. कारण शेवटी बिनजोडीची उरतात ती जास्त.

मोजायला बसल्यावर खरी गंमत सुरू होते. ढिगातली बारा बटणं मोजताना तिची कधी अकरा होतात, कधी चौदा. आकडे तिला पाठ असतात, पण तोंड आणि बोट एका वेगाने चालत नाहीत. एक बटण दोनदा शिवलं जातं, दुसरं राहून जातं. "नीट मोज" म्हणून ओरडण्याने यातलं काहीच सुधारत नाही. दोन ताटल्या घ्याव्यात आणि मोजलेलं बटण उचलून दुसऱ्या ताटलीत टाकायला लावावं. टाकल्याचा आवाज आला की पुढचा आकडा. एवढ्याने चूक बहुतेक निघून जाते. (घरात रांगतं बाळ असेल तर खेळ संपताच डबा झाकण लावून वर ठेवावा. बटण बाळाच्या तोंडात जायला क्षण लागत नाही.)

मोजून झालं की लगेच विचारावं, "मग किती आहेत गं?" काही मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे त्यांच्यात अजून उतरलेलं नसतं. अशा मुलाला बेरजेची घाई करू नये. त्याला "आठ बटणं आण", "सहा चमचे मांड" अशी कामं सांगावीत. आठ झाल्यावर ते आपणहून थांबायला लागलं, की पुढे जायला हरकत नाही.

पुढचा खेळ वाटीचा. रुपयाची पाच नाणी मुलीकडून मोजून घ्यायची आणि तिच्यासमोरच त्यांवर वाटी पालथी घालायची. वाटीबाहेर आणखी तीन ठेवायची. "सगळी मिळून किती?" पहिल्यांदा ती वाटी उचलायला जाते, आणि तिला उचलू द्यावी. ती एकपासून आठपर्यंत मोजते. उत्तर बरोबर असतं, पण पाच आहेत हे माहीत असून ती त्या पाचांवर विसंबत नाही. दोन-चार दिवस हाच खेळ खेळल्यावर मात्र ती वाटी तशीच राहू देते आणि मोठ्याने म्हणते, "पाच, सहा, सात. सात!"

सात कसे? तिने बाहेरच्या पहिल्याच नाण्यावर बोट ठेवून "पाच" म्हटलं. वाटीतला शेवटचा आकडा बाहेरच्या पहिल्या नाण्याला चिकटला आणि उत्तर एकाने कमी आलं. उत्तर सतत नेमकं एकानेच कमी येत असेल, तर दुखणं हेच आहे असं खुशाल समजावं. उपायही तिथेच आहे. वाटीच्या बुडावर टिचकी मारून "पाच" म्हणायचं, आणि मग नाण्यांवर बोट ठेवत सहा, सात, आठ. टिचकीचा टण्ण आवाज मुलांना इतका आवडतो की ती विसरत नाहीत. पुढे वाटीखाली दोन आणि बाहेर सात ठेवून बघावं. काही मुलं आपणहून ठरवतात की सातापासून सुरू केलं तर कमी मोजावं लागतं. हे त्यांना आधी सांगून टाकू नये. ते सापडल्याचा आनंद त्यांचाच आहे.

बेरजेची दुसरी बाजू चिंचोके दाखवतात. चिंचोका मधोमध फुटला की त्याला एक पांढरी आणि एक काळपट बाजू मिळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत, आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर, बालवाडीचं काम उभं केलं, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. महागड्या साधनांच्या जागी तिथे खडे, बिया, शंखशिंपले आले. फोडलेल्या चिंचोक्यांचे पाच तुकडे ओंजळीत खुळखुळवून टाकले की कधी तीन पांढरे दोन काळे पडतात, कधी चार आणि एक. सगळे एकाच रंगाचे पडणं सोळात सरासरी एकदाच, म्हणून तसं पडलं की घरात आरडाओरडा होतो. मग काळे तळहाताने झाकायचे. "पांढरे तीन दिसतायत. हाताखाली किती?" वजाबाकी हा शब्दही न उच्चारता ती इथे होऊन जाते.

दहाच्या पुढे अडचण आकड्यांच्या नावांची. "पंचवीस" म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहून बसतं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली "वीस पाच" अशी जोडवाचनाची रीत दिली गेली आणि केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांचीच बाजू मांडली होती. भिवंडीच्या पद्मनगरात तेलुगू बोलणारी मुलं एकवीसला "इरवै ओकटि", म्हणजे वीस-एक, असंच म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. घरच्या खेळात दोन्ही नावं चालू द्यावीत. "वीस पाच, म्हणजे पंचवीस" असं जोडून म्हटलं की मुलाला दोन्हींचा मेळ लागतो.

हे पक्कं करायला अदलाबदलीचा खेळ घ्यावा. खडूने वर पाच, खाली पाच अशी दहा घरं आखायची. फासा टाकायचा, पडेल तेवढी रुपयाची नाणी घरांत मांडायची. दहा घरं भरली की ती नाणी आजीच्या बँकेत द्यायची आणि दहाचं एक नाणं घ्यायचं. ज्याची दहाची तीन आधी होतील तो जिंकला. समजा आठ घरं भरली आहेत आणि फाशावर सहा पडले. मुलगी दोन नाण्यांनी घरं भरते, दहाचं नाणं घेते, आणि उरलेली चार रिकाम्या घरांत मांडते. आठ आणि सहा म्हणजे दहा आणि चार, हे तिच्या बोटांनी केलेलं असतं. इथे दहाची अदलाबदल करताना उरलेली चार नाणीही मुलं बँकेत देऊन टाकतात, तेवढं लक्ष ठेवावं.

या खेळात दोनाची आणि पाचाची नाणी मुद्दाम ठेवू नयेत. सहा वर्षांच्या मुलाला मोठं नाणं जास्त किमतीचं वाटतं, आणि २०११ साली आलेल्या नाण्यांत दोनाचं नाणं पाचाच्या नाण्यापेक्षा मोठं आहे. दहाच्या एका नाण्यात रुपयाची दहा नाणी आहेत हे अदलाबदल करून करून पटलं, की मग पाचाचं नाणं आणावं, तेही आधी त्याच्या शेजारी रुपयाची पाच नाणी मांडून.