भार की मार

सकाळी पावणेसातला भाचा जिना चढून वर येतो. गंगापूर रोडला त्याची खोली आहे, दिवसभराचा अभ्यास सार्वजनिक वाचनालयात होतो. पण पहिला अर्धा तास माझ्या टेबलापाशी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि वर्षानुवर्षं पर्यायांचे गोल काळे करणाऱ्या हातांवर पानंच्या पानं लिहायची वेळ आली. तो केंद्राची परीक्षाही मराठीतूनच देणार आहे. तिथे सामान्य अध्ययनाच्या पेपरात 3 तासांत 20 उत्तरं: 10 दीडशे शब्दांची, 10 अडीचशेंची. लहान उत्तराला 7 मिनिटं आणि मोठ्याला 11 धरली, की 180 मिनिटं संपली.

जुन्या पेपरातल्या प्रश्नाचं एखादं नेटकं मांडलेलं उत्तर आम्ही निवडतो, तेही हातानं लिहिलेलं. छापील अक्षराला घाई ठाऊक नसते. घाईतही कोणतं वळण टिकतं, हे हाताच्या अक्षरातच दिसतं. घड्याळ लावून तो ते उतरवतो, समासासकट, दोन परिच्छेदांमधल्या मोकळ्या ओळीसकट. मजकूर समोर तयार असतो, त्यामुळे अडलं तर विचार अडला असं म्हणता येत नाही. अडतो तो हातच.

पहिल्या दिवशी 7 मिनिटांत 110 शब्द झाले. पाहिलं तर दर दोन शब्दांना मान वर जात होती. मग ठरवलं, अख्खं वाक्य वाचून मनात धरायचं आणि पूर्ण होईपर्यंत नजर आपल्याच पानावर ठेवायची. आठवड्याभरात 130 पर्यंत आला. दुसऱ्या आठवड्यात तर 150 शब्द वेळेत बसले आणि तो खूश होऊन गेला.

तीन दिवसांनी ते पान मी मोठ्यानं वाचायला घेतलं. मूळ उत्तर मी पाहायचं नाही, तो ऐकणार, आणि मी जिथे अडखळेन तिथे पेन्सिलनं गोल करायचा. प्रश्न कांदा उत्पादकांविषयी होता. मी वाचलं, "कर्जाचा मार." तो म्हणाला, "मामा, भार आहे तो." मी अडखळलोही नव्हतो! चुकीचा शब्दही वाक्यात चपखल बसला होता, आणि परीक्षकाला विचारायला तर शेजारी कुणी नसणार. पुढच्याच ओळीत 'धरण'चं 'घरण' झालेलं. पानावर एकूण 14 गोल पडले.

कारण पान आडवं धरून पाहिल्यावर सापडलं. वेगासाठी त्यानं शिरोरेषाच सोडली होती. आपल्या लिपीत ती नुसती सजावट नाही. 'घ'च्या डोक्यावर ती सलग जाते, 'ध'वर तुटते. 'म'वर सलग, 'भ'वर तुटलेली. रेषा गेली की या जोड्या एकमेकींत मिसळतात, आणि रफार, अनुस्वार नेमके कोणत्या अक्षराचे तेही कळेनासं होतं. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी हा पेच वेगळा सोडवला होता. ते आधी ओळभर रेषा ओढून घेत आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत. पण त्यात शब्दाशब्दांमधली जागा गेली आणि वाचणाऱ्याचं काम वाढलं. आम्ही मधला मार्ग घेतला: अक्षरागणिक रेषा नाही, शब्द पुरा झाला की एका ओढीत द्यायची, 'ध', 'भ'पाशी पेन किंचित उचलून. पहिले चार दिवस शब्द 120 वर घसरले. मी त्याला वेग वाढवू दिला नाही.

आपल्याकडे कित्ता गिरवायची रीत जुनीच. इथून जवळ टाकळीला समर्थांनी तप केलं. त्यांच्या दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास आहे. पहिलं अक्षर ते शेवटचं अक्षर एकाच हातचं दिसावं, हा त्यातला आग्रह मला फार मोलाचा वाटतो, कारण लांब पेपरात अक्षर बिघडतं ते दुसऱ्या तासानंतर. म्हणून रविवारी तो सलग 2 तास उतरवतो आणि मग पहिलं व शेवटचं पान शेजारी ठेवतो. तिसऱ्या रविवारी शेवटच्या पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं, तर अक्षरं उमटून खरखरीत लागली. पेन दाबून धरलं जात होतं, बोटं आखडत होती. आता तो पेन टोकापासून जरा वर धरतो आणि मनगट न टेकवता कोपरापासून हात सरकवतो.

पाचव्या आठवड्यात 150 शब्द साडेसहा मिनिटांत होतात, गोल 3. उरलेल्या अर्ध्या मिनिटात उत्तर सुचणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळतं. उतरवून विचार करण्याचा सराव होत नाही, तो वेगळा करावा लागतो. म्हणून सोमवारपासून समोर फक्त प्रश्न आणि चार मुद्दे.

काल जाताना त्यानं त्याचं आदल्या आठवड्यातलं पान मला दिलं. मी वाचत गेलो, 'कर्जाचा भार' आला. 'भ'वरची रेषा स्पष्ट तुटलेली होती. तो दारात चप्पल घालत ऐकत उभा होता.