बोगदा आला, मीट गं डोळे

आईचं माहेर ठाण्याचं, सासर डोंबिवलीचं. मला मांडीवर घेऊन ती परत निघाली, की जलद लोकल खाडी ओलांडून पारसिकच्या बोगद्यात शिरायची. १९१६ सालचा तो बोगदा, सव्वा किलोमीटरहून थोडा अधिक लांब. चाकांचा आवाज भिंतींवर आपटून एकदम डब्यात घुसायचा आणि मी किंचाळून रडायचे. त्या रडण्यावर आईनं दोन ओळी रचल्या :

बोगदा आला, मीट गं डोळे,
अंधारापुढं घर उजळे.

बारशाचा पाळणा चार बायकांत, मोठ्यानं म्हणायचा असतो. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी असं मोजत तो बाराव्यापर्यंत जातो. अंगाईला असा हिशेब नसतो. ती एकाच कानासाठी असते आणि झोप लागेपर्यंत तेच ते म्हणायचं असतं. आईच्या ओळी तर बोगद्याच्या मापाच्या होत्या. ‘घर उजळे’ तिसऱ्यांदा आलं, की खिडकीत खरंच उजेड यायचा. घरी रात्री दिवा मालवतानाही ती हेच म्हणायची. पलंगावर बोगदा कुठला, असं मी कधी विचारलं नाही.

मग मी मोठी झाले आणि त्या ओळी घरातून गेल्या.

पुढं बाबा ठाण्याला दवाखान्यात होते. एका रात्री डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. शेवटच्या गाड्यांपैकी एका गाडीनं आम्ही दोघी परतत होतो. डबा जवळजवळ रिकामा. आईनं पिशवीचे बंद मुठीत धरले होते, त्यांचा वळ तिच्या बोटांवर उठला होता. गाडी बोगद्यात शिरली आणि तिचे ओठ हलले, ‘बोगदा आला...’ दुसरी ओळ तिनं म्हटलीच नाही. ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ हे १९७७ सालच्या चित्रपटाचं नाव लहानपणापासून ऐकत आले होते, ते मला त्या रात्री कळलं. शब्द तेच असतात, म्हणणारीच्या घरात काय झालंय त्यावर ते जड होतात. एखाद्या कथेत अंगाई पुन्हा आली, की मी आता आधी हे पाहते, की या वेळी कुठली ओळ गळली.

फेब्रुवारी २०२२ पासून ठाणे-दिवा मार्ग बदलले. बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या.

त्यानंतरच्या एका दुपारी माझी मुलगी आजीच्या मांडीवर होती. कळवा मागं पडलं. आईचा हात सवयीनं तिच्या डोळ्यांवर गेला, चाल सुरू झाली, शब्दांशिवाय, नुसती गुणगुण. अंधार आलाच नाही. मुलीनं आजीची दोन बोटं बाजूला केली आणि त्या फटीतून ती खाडीवरचं ऊन बघत राहिली. आई मात्र चाल पुरी होईपर्यंत थांबली नाही.