चॅनल नेमकं कुणाच्या नावावर आहे?

आज पिकाचं नाही, पण पिकाचे व्हिडिओ ज्यावर टाकतो त्या यूट्यूब चॅनलचं लिहितोय. गावोगावच्या गटांनी आता चॅनल काढलेत, पण ते कुणाच्या नावावर आहे हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आमचा हळदीचा गट आहे. बेणं प्रक्रियेपासून शिजवणी, पॉलिशपर्यंतचे व्हिडिओ गटातल्याच एका पोराने त्याच्या मोबाईलवरून टाकले. चॅनलला नाव गटाचं, फोटो गटाचा. पोराला पुण्यात नोकरी लागली आन मग प्रश्न आला की पुढचा व्हिडिओ टाकायचा कुणी? त्याने बिचाऱ्याने पासवर्ड दिला. पण दुसऱ्या फोनवर खातं उघडायला गेलं की खात्री करायचा कोड त्याच्याच मोबाईलवर जायचा, आणि तो कामावर. शिवाय त्या पासवर्डने त्याचे मेल, फोटो सगळंच उघडतं. कुणाच्या घराची किल्ली अशी चौदा जणांत फिरवणं बरं नाही.

चॅनलला नाव गटाचं आहे म्हणजे ते गटाचं झालं असं नाही. स्वतःच्या गूगल खात्यावरच्या चॅनललाही वेगळं नाव देता येतं. बांधावर पाटी कुणाचीही लावा, सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघावं लागतं.

तो बघायचा असा. ज्या जीमेलवरून चॅनल चालतं ते खातं ब्राउझरमध्ये उघडा, कॉम्प्युटर असला तर उत्तम, आणि हा पत्ता टाका:

```
myaccount.google.com/brandaccounts
```

इथल्या यादीत तुमच्या चॅनलचं नाव दिसलं तर ते ब्रँड अकाउंटवर आहे. यादीत नसेल तर ते त्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर आहे. आमचं यादीत नव्हतं.

फरक काय पडतो? वैयक्तिक खातं म्हणजे एकट्याच्या नावावरची जमीन. त्याने उद्या आपलं गूगल खातंच काढून टाकलं तर चॅनल आणि सगळे व्हिडिओ त्याच्यासोबत जातात. ब्रँड अकाउंट म्हणजे सामायिक खातं. त्याला स्वतःचा पासवर्डच नसतो. ज्याला घेतलंय तो आपापल्या जीमेलने आत येतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं हे मालक, म्हणजे Owner ठरवतो. Manager काम करतो, पण माणसं घेण्या-काढण्याचा हक्क त्याला नाही.

आता कुणी म्हणेल, यूट्यूब स्टुडिओत Settings मध्ये Permissions आहे की, तिथून माणूस जोडता येतो. खरंय, वैयक्तिक खात्यावरही जोडता येतो, आणि नुसते व्हिडिओ टाकायला मदतनीस हवा असेल तर तेवढं पुरतं. पण तो वाटेकरी झाला, मालक नाही. मूळ खातं गेलं की वाटेकऱ्याच्या हातात काही राहत नाही. म्हणून तिथे चार नावं दिसली तरी चॅनल ब्रँड अकाउंटवरच आहे असं समजू नका.

पोरगा दिवाळीला आला तेव्हा आम्ही ते काम उरकलं. आधी त्याच्याच खात्यातून नवीन चॅनल काढलं, त्याने आपोआप एक ब्रँड अकाउंट तयार झालं. मग यूट्यूबच्या Settings मधल्या Advanced settings मध्ये चॅनल ब्रँड अकाउंटकडे हलवायचा पर्याय आहे, तो दाबला आणि ते नवं खातं निवडलं. इथे डोळ्यात तेल घालून वाचा. ज्या ब्रँड अकाउंटवर तुम्ही हलवताय त्यावर आधीचं चॅनल असेल तर ते पुसलं जातं. आमचं ते रिकामंच होतं, म्हणून बिनघोर पुढे गेलो. एकाच जीमेलवर दोन-तीन चॅनल असणाऱ्याने मात्र नाव दोनदा वाचल्याशिवाय बोट लावू नये. व्हिडिओ आणि सबस्क्राइबर जसेच्या तसे नव्या जागी आले.

मग ब्रँड अकाउंटच्या त्याच पानावर जाऊन गटाच्या अध्यक्षांच्या जीमेलला Owner म्हणून बोलावणं पाठवलं. मेल आला की तो उघडून स्वीकारावा लागतो. आमच्या अध्यक्षांनी मेल दोन दिवस बघितलाच नव्हता. एवढं करूनही मुख्य मालक, Primary owner, तो पोरगाच राहतो. नवा Owner होऊन सात दिवस झाल्याशिवाय त्याला मुख्य मालक करता येत नाही, आणि ते करायचं कामही जुन्या मुख्य मालकालाच करावं लागतं. आमचा पोरगा तोवर पुण्याला परतला होता. आठव्या दिवशी त्याने तिकडूनच आपल्या फोनवरून ते केलं, पासवर्ड कुणालाच द्यावा लागला नाही. आता तो नुसता Manager आहे, सुट्टीला आला की ड्रोनचे व्हिडिओ टाकतो.

तुमचा पोरगा-पुतण्या परगावी निघणार असेल तर तो गावात आहे तोवर ती यादी एकदा उघडून बघा, आणि हलवायचं असेल तर ते सात दिवस धरून चाला.